निदान दाराची कडी

आमच्या बिल्डरनं आमचा केसानं गळा कापला. त्यानं काम वेळेवर करायला घेतलं.

लोकांचे बिल्डर कसे छान पळून जातात, गेला बाजार रखडतात तरी. माझ्या मोठ्या दिरांच्या बिल्डरनं सात वर्षं लावली. त्या सात वर्षांत दिरांचे केस गेले, त्यांच्या मुलीचं लग्न भाड्याच्या घरातून झालं, आणि ताबा मिळाला तेव्हा किल्ली घ्यायला ते काठी टेकत गेले. हा अनुभव डोळ्यांसमोर ठेवून माझ्या नवऱ्यानं आमच्या घराची अख्खी योजना आखली होती.

नवरा एका बस कंपनीत वेळापत्रकं तयार करतो. जगात कुठलीच गोष्ट ठरल्या वेळी होत नाही, यावर त्याचं पोट चालतं. सातची बस सव्वासातला सुटणार हे त्याला आधीच माहीत असतं, आणि त्या पंधरा मिनिटांची सोय तो पुढच्या थांब्यांत गुपचूप करून ठेवतो. घरातही तसंच. लग्नाला मी वीस मिनिटं उशिरा पोचले होते, तर हा म्हणाला, मी अर्धा तास धरला होता. मी त्याला वेळापत्रकच म्हणते. तो चिडत नाही, उलट खूश होतो.

माझं म्हणाल तर मी दहा वर्षं एका एक्स-रे सेंटरच्या काउंटरवर बसले. दागिने काढा, श्वास रोखा हे सांगायचं काम आतल्या तंत्रज्ञाचं. माझं काम म्हणजे पावती फाडणं आणि पेशंटला आत ढकलणं. दहा वर्षं मी त्या जाड दाराच्या बाहेर बसून काढली. आत काय चालतं ते मला आतल्यांपेक्षा बरं कळतं असं वाटायला लागलं तेव्हा ठरवलं की आता आत जायचं. एक्स-रे तंत्रज्ञाचा एक वर्षाचा कोर्स होता. दिवसभर हॉस्पिटलात शिकायचं, पगार शून्य, फी दोन टप्प्यांत. नोकरी सोडल्याशिवाय जमणारं नव्हतं.

मी नोकरी सोडली आणि त्याच महिन्यात आम्ही घर बुक केलं. शहाणी माणसं या दोन गोष्टी एकदम करत नाहीत. पण आमच्याकडे वेळापत्रक होतं ना.

बँकेच्या कर्ज विभागात एक मॅडम होत्या. आवाज बारीक, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि समोरच्याला काहीही कळत नाही असं धरून बोलायची सवय. आमच्या बाबतीत ते बरोबरच होतं.

"घर अजून बांधून झालेलं नाही," त्या म्हणाल्या, "त्यामुळे चाळीस लाख एकदम कुणाच्या हातात देणार नाही आम्ही. आधी तुमचे स्वतःचे दहा लाख बिल्डरकडे जाऊ देत. मग काम जसं वर सरकेल तसे आमचे सुटतील. जोत्याला काही, प्रत्येक स्लॅबला काही, आतली कामं झाली की काही, असं करत ताब्यापर्यंत. टप्पा पूर्ण झाला की बिल्डर तुम्हाला मागणीपत्र पाठवेल. तुम्ही दोघं अर्जदार आहात, दोघांनी सही करून आम्हाला सांगायचं, पैसे सोडा. आमचा इंजिनियर जाऊन काम बघेल. मग पैसे थेट बिल्डरला."

"आणि हप्ता?" मी विचारलं.

"पूर्ण हप्ता शेवटचे पैसे सुटल्यावर. तोपर्यंत जेवढे सुटलेत तेवढ्यावरचं फक्त व्याज महिन्याला भरायचं. प्री-ईएमआय म्हणतात त्याला. नऊ टक्क्यांनी धरा. दहा लाख सुटलेत तर महिन्याला साडेसात हजार. सगळे चाळीस सुटले तर तीस हजार. पण एक लक्षात ठेवा, यातून मुद्दल एक रुपयानंही कमी होत नाही. मनात असेल तर पहिल्यापासून पूर्ण हप्ताही चालू करता येतो, छत्तीस हजारांच्या आसपास. मग मुद्दलही फिटायला लागेल."

"नको, नको," नवरा म्हणाला, "व्याजच."

बाहेर आल्यावर चहा पिता पिता त्यानं मला योजना समजावली. जोतं आधीच झालंय, म्हणजे सुरुवात साडेसात हजारांनी. पुढं दहा स्लॅब. प्रत्येक स्लॅबला दीड लाख सुटणार, म्हणजे प्रत्येक स्लॅबला महिन्याचं व्याज अकराशेनं वाढणार. कुठलाही बिल्डर एका स्लॅबला अडीच-तीन महिने घेतोच.

"तुझं वर्ष संपेल तेव्हा हा चौथ्या नाहीतर पाचव्या स्लॅबवर रखडलेला असेल," तो म्हणाला. "तोपर्यंत भाडं आणि व्याज माझ्या पगारात सहज बसतं. मग तुझा पगार सुरू, मग चढू दे किती चढायचं ते."

मला पटलं. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी तो फार हुशार वाटला. चहाचे पैसे मीच दिले.

घरी सासूबाईंना सांगितलं. आम्ही तिघं दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. सासूबाईंना स्वतःच्या घराची हौस आम्हा दोघांपेक्षा जास्त, कारण आमच्या भाड्याच्या घराला आतून कडी नीट लागत नाही. खालच्या बाजूला एक लाकडी ठोकळा सरकवावा लागतो, आणि तो रोज त्यांच्याच पायाला लागतो. घरमालकाला सांगून सांगून त्या थकल्या होत्या.

पहिलं व्याज खात्यातून कापलं गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग या महिन्यात घरातलं काय आपलं झालं?"

"काही नाही, आई. हे नुसतं व्याज असतं."

"एवढे साडेसात हजार भरून काहीच नाही?"

"एक वीटसुद्धा नाही," नवरा अभिमानानं म्हणाला, जणू हे त्यानं वाटाघाटी करून मिळवलं होतं.

"निदान दाराची कडी तरी?"

"कडीही नाही."

पण तेव्हापासून दर महिन्याला, बँकेचा मेसेज आला की त्या हाच प्रश्न विचारायच्या, आणि शेवटी कडीवर यायच्या.

कोर्स सुरू झाला. मी हॉस्पिटलात हाडं ओळखायला शिकत होते तोवर साइटवर एक ट्रक अ‍ॅल्युमिनियमचे साचे घेऊन आला. आम्ही रविवारी बघायला गेलो तर साइट इंजिनियर, एक तरुण गडी, कौतुकानं साच्यावर थाप मारत होता.

"यात भिंती आणि स्लॅब एकाच दिवशी ओततो आम्ही," तो म्हणाला. "विटा नाहीत, काही नाही. दहा दिवसांत एक मजला."

"दहा दिवसांत किती?" नवऱ्यानं विचारलं.

"एक मजला. पूर्ण."

माझ्या नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी त्याला असं फक्त एकदाच पाहिलं होतं, त्याच्या कंपनीनं बसमध्ये जीपीएस बसवले तेव्हा.

आणि तो गडी खरंच तसं करायला लागला. दर दहा-बारा दिवसांनी मागणीपत्र, आमच्या दोघांच्या सह्या, बँकेच्या इंजिनियरची फेरी, दीड लाख बिल्डरकडे, आणि आमच्या डोक्यावर अकराशे. नवरा रोज संध्याकाळी साइट इंजिनियरला फोन करायचा. मला वाटायचं चौकशी करतोय. एकदा कान देऊन ऐकलं तर हा विचारत होता, सिमेंटचा तुटवडा वगैरे आहे का? कामगार गावाला जाणार आहेत का? पलीकडून उत्तर यायचं, नाही साहेब, तुम्ही काळजी करू नका, सगळं जोरात आहे.

घर घेणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. नवा स्लॅब पडला की सगळे टाळ्या पाठवायचे. त्यांत आमचा एकच माणूस लिहायचा, "घाई नको, दर्जा महत्त्वाचा." लोक त्याला फार जबाबदार समजायला लागले. एकानं त्याला सोसायटीचा सेक्रेटरी करूया असंही सुचवलं.

चार महिन्यांत दहाचे दहा स्लॅब पडले. पंचवीस लाख सुटले होते. व्याज साडेसातवरून पावणेएकोणीस हजारांवर गेलं. आम्ही दोन पेपरांवरून एकावर आलो, मग तोही बंद केला. सासूबाईंनी आपल्या पेन्शनमधून दूध सुरू केलं आणि दर सकाळी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवताना "माझ्याकडून" असं न चुकता म्हणायला लागल्या. नवऱ्याची जुनी गाडी तेवढी विकायची राहिली. ती रस्त्यावर एका झाडाखाली उभी असते आणि त्या झाडावरचे पक्षी तिच्यावर खुन्नस काढतात. रोज सकाळी फडकं घेऊन तो ती पुसतो. ती विक म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

माझ्या फीचा दुसरा टप्पा भरायला महिना उरला होता. ते पैसे मी वेगळे ठेवले होते आणि त्यांना हात लावायचा नाही असं आमचं ठरलं होतं. तो टप्पा भरला नाही तर मला परीक्षेला बसू देणार नव्हते. म्हणजे पुन्हा काउंटर, पुन्हा पावत्या, आणि दाराबाहेर आणखी किती वर्षं कोण जाणे.

तेव्हाच ते पत्र आलं. भिंती, प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या, हा टप्पा पूर्ण, सहा लाख सोडावेत. नवऱ्यानं मनातल्या मनात गुणाकार केला असावा, कारण त्याचे ओठ हलले. महिन्याला साडेचार हजार आणखी. पगारात ते कुठंच बसत नव्हते. ते बसणार होते फक्त माझ्या फीच्या पैशांत, म्हणजे तेही काही महिनेच.

त्यानं तसं म्हटलं नाही. तो असं कधीच म्हणत नाही. दोन दिवस तो घरात पाय न वाजवता वावरला, मग तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "तुमच्या जुन्या सेंटरला काउंटरवर कुणीतरी हवंय म्हणे."

"कोण म्हणे?"

"असंच. कुणीतरी."

"तू फोन केलास का त्यांना?"

"मी फक्त विचारलं," तो म्हणाला, आणि ताटातला घास चिवडत बसला.

मी भांडले. कसं भांडले ते इथं लिहीत नाही, सासूबाई उठून गॅलरीत गेल्या एवढं सांगितलं की पुरे. मला राग त्या साडेचार हजारांचा नव्हता. माझं वर्ष कापायचं हे त्याला इतक्या लवकर सुचलं, आणि गाडी विकायची हे सुचलंच नाही, याचा होता.

दुसऱ्या दिवशी बिल्डरचा विक्री व्यवस्थापक घरी आला. कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा भपकारा, आणि बसल्या बसल्या घरातल्या प्रत्येक वस्तूची किंमत लावणारी नजर. वर्षअखेर जवळ आली होती आणि त्यांना बँकांकडून पैसे लवकर हवे होते. तो म्हणाला, "महिनाअखेरीच्या आत तुमचा हा टप्पा सुटला, तर तळमजल्यावरचं झाकलेलं पार्किंग तुम्हाला मोफत. दोन लाखांचं आहे. लेखी देतो."

फुकट हा शब्द ऐकला की माझा नवरा पाघळतो. लग्नाच्या हॉलमधून उरलेली टाचण्यांची डबी घरी घेऊन येणारा माणूस तो. आणि हे तर त्या गाडीसाठी छप्पर होतं. त्यानं तिथंच त्याच्या जागी सही केली. कागद माझ्याकडे सरकवला.

"मी वाचून करते," मी म्हणाले.

वाचलं. मग घराच्या कराराची जाडजूड प्रत काढली आणि त्यातला टप्पा वाचला. भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं आणि खिडक्या, सगळं आपल्या फ्लॅटचं, आणि पूर्ण झाल्यावर. साच्यात ओतलेल्या भिंती तर स्लॅबबरोबरच झाल्या होत्या. पण मागच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा आमच्या फ्लॅटला दार नव्हतं. आम्ही थेट आत चालत गेलो होतो.

मी बँकेच्या मॅडमना फोन केला. "सही केली नाही तर बिल्डर दंडव्याज लावेल का?"

"टप्पा पूर्ण झालेला असेल आणि तुम्ही पैसे अडवलेत, तर करारात लिहिलं असेल तसं लावेल," त्या म्हणाल्या. "टप्पा पूर्णच नसेल तर पैसे देणं लागतच नाही, मग कसलं व्याज? परवा आमचा इंजिनियर जातोय. तो लिहील तसं होईल. पण तुमची सही आल्याशिवाय मी पुढं पाठवणार नाही."

नवऱ्याला मी म्हणाले, सही साइटवर करते, दार बघून.

त्याचं तोंड एवढंसं झालं. पार्किंग हातचं चाललं होतं.

त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. सासूबाईंनी हट्टच धरला होता. लिफ्ट अजून बसली नव्हती, त्या तीन मजले कठडा नसलेल्या जिन्यानं भिंतीला हात लावत चढल्या आणि वाटेत प्रत्येक मजल्यावर थांबून तिथल्या फ्लॅटवाल्यांना नावं ठेवत आल्या. वर पोचलो तर विक्री व्यवस्थापक हजर, साइट इंजिनियर हजर, बँकेचा इंजिनियर हजर. बँकेचा माणूस जाडसर, घामाघूम, आणि त्याला खाली जायची घाई होती.

आणि दार होतं. चकचकीत पॉलिशचं, पितळी मुठीचं. खिडक्या बसल्या होत्या, फरशी घातली होती, आणि दार अर्धवट उघडं उभं होतं.

मी त्या दारावर अवलंबून होते, म्हणजे ते नसण्यावर. बँकेच्या माणसानं फरशीवर बुटाची टाच आपटली, खिडकी सरकवून बघितली, वहीत काहीतरी लिहिलं.

"झालंय सगळं," तो म्हणाला. "दारही बसलंय. फोटो काढतो."

"मॅडम, तुमची सही," विक्री व्यवस्थापक म्हणाला आणि माझ्यापुढं पेन धरलं.

मी कागद भिंतीवर टेकवला. आता मी काय करणार होते? टप्पा झाला असेल तर पैसे देणं लागतं, हे मीच फोन करून विचारून आले होते. भांडायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मी दमले होते, खरंच दमले होते. काउंटरची खुर्ची डोळ्यांपुढं आली, तिचा एक हात तुटलेला आहे. मी पेनचं टोपण काढलं.

"कडी कुठाय?" मागून सासूबाई म्हणाल्या.

"कडी शेवटी बसवतात, आजी," साइट इंजिनियर म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि दाराकडे बघत राहिल्या.

तेव्हा नवरा बोलला. माझ्याकडे बघत नव्हता तो, खिडकीबाहेर बघत होता. "दार एकदा लावून बघा की."

"काय गरज आहे?" विक्री व्यवस्थापक पटकन म्हणाला.

"बघा ना. आई, लाव गं जरा दार."

सासूबाईंना सांगायची खोटी. त्यांनी पितळी मूठ धरली आणि भाड्याच्या घरातलं दार ओढायची सवय होती त्या जोरानं ओढलं. दार आलं. चौकटीला न जुमानता, सगळंच्या सगळं, हळूहळू त्यांच्या अंगावर कलायला लागलं. नवरा धावला आणि त्यानं ते छातीवर झेललं. वरच्या बिजागरीत एकच स्क्रू होता, खालच्या बिजागरीत तोही नव्हता. दाराच्या कडेला आत एक चिकटपट्टी होती. त्यावर लिहिलं होतं, नमुना फ्लॅट, काढू नये.

माझा नवरा ते दार कवेत घेऊन उभा होता, वरातीत निघालेल्या घोड्यासारखा चेहरा करून. मग बँकेचा माणूस हसायला लागला. त्याचं पोट हलायला लागलं तसं त्यानं वही खाली ठेवली आणि भिंतीला हात टेकला.

"दार आणलंय खरं," तो म्हणाला, "पण मला बसलेलं लागतं हो." त्यानं मगाचं खोडलं आणि लिहिलं, टप्पा अपूर्ण. फोटो मात्र त्यानं काढला, दार आणि नवरा दोघांचा.

"पार्किंगचं मग जमणार नाही," विक्री व्यवस्थापक थंडपणे म्हणाला.

"माहीत आहे," नवरा दाराआडून म्हणाला. "हे कुठं ठेवू?"

परतताना सासूबाई पुढं चालत होत्या, आम्ही मागं. शेवटी तोच म्हणाला, "काल संध्याकाळी मी फोन केला होता ना साइटवर. तेव्हाच त्यानं सांगितलं, उद्यापुरतं नमुना फ्लॅटचं दार लावतोय, तुम्ही सांभाळून घ्या."

"आणि तू सांभाळून घेणार होतास."

"हो," तो म्हणाला. "मला वाटलं तू सही करायची नाहीस. उभी राहशील, भांडशील, त्या सगळ्यांना सोलून काढशील. तसं झालं असतं तर मी गप्प बसलो असतो आणि नंतर तुझी समजूत घातली असती. पण तू पेनचं टोपण काढलंस." त्यानं पायाखालचा खडा उडवला. "तू भांडत नाहीस हे मला बघवलं नाही."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं, आणि त्यातलं आधी काय करावं हे ठरेना. शेवटी मी त्याच्या शर्टावरची पॉलिशची भुकटी झटकली. जरा जोरातच झटकली.

पुढं नशीब फिरलं. दारं पुरवणाऱ्यानं बिल्डरला गंडवलं. खरी दारं आज येतील, उद्या येतील करत पाच महिने आली नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक चिडले, आणि माझा नवरा आयुष्यात पहिल्यांदा प्रसन्न चेहऱ्यानं फिरायला लागला. अखेर जगाची घडी बसली होती. व्याज पावणेएकोणीस हजारांवर थांबून राहिलं, आम्ही दात खाऊन ते भरत राहिलो, आणि मी फीचा दुसरा टप्पा भरला. परीक्षेच्या आठवड्यात दारं आली, बँकेच्या त्याच माणसानं येऊन प्रत्येक दार तीन-तीनदा उघडून लावून बघितलं, आणि मी सही केली. महिन्याभरात मला त्याच हॉस्पिटलात नोकरी लागली. आता मी आत असते. दागिने काढा, श्वास रोखा, हे मी म्हणते.

ताबा मिळाला त्याच महिन्यात शेवटचे पैसे सुटले, चाळीस लाख पूर्ण झाले आणि पुढच्या महिन्यात पहिला खरा हप्ता लागला. तो माझ्या खात्यातून जायचा असं मीच ठरवलं होतं. छत्तीस हजार गेले. मी फोनवर बँकेचा तपशील उघडला. तीस हजार व्याज, आणि त्याखाली, मुद्दल, सहा हजारांना थोडे कमी.

सासूबाई नव्या ओट्यापाशी उभ्या होत्या. मेसेजचा आवाज त्यांनी ऐकला होता. पण या वेळी त्यांनी विचारलंच नाही. इतके महिने नाही, नाही ऐकून त्यांनी नाद सोडला असावा. मला त्याचं वाईट वाटलं.

"आई, विचारा ना," मी म्हणाले.

"काय विचारू?"

"या महिन्यात काय आपलं झालं ते."

त्यांनी हात पुसले. "काय झालं?"

"दाराची कडी झाली," मी म्हणाले. "वर बिजागऱ्याही झाल्या. स्क्रूंसकट."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग दाराशी गेल्या, दार लावलं, आणि कडी सरकवली. ती आवाज न करता बसली. त्यांनी ती काढली, पुन्हा लावली, आणि हात तसाच तिच्यावर ठेवून उभ्या राहिल्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती, पण खांदे हलत होते हे मला दिसलं.

तेवढ्यात बेल वाजली. बाहेर नवरा होता. रस्त्यावरची गाडी पुसून आला होता, पक्ष्यांना शिव्या घालत.

"उघडा," तो बाहेरून म्हणाला. "मी आहे."

मी उघडायला पुढं झाले. सासूबाईंनी डोळे पुसले आणि मला हातानं अडवलं.

"थांबू दे जरा," त्या म्हणाल्या. "कडी आपली आहे."